बावीस अंगठे आणि दोन अक्षरं

माझं अक्षर चांगलं आहे हे मी लहानपणापासून ऐकत आलो, आणि त्याचा माज मला बरीच वर्षं होता. आता नाही. का नाही, ते सांगतो.

घाटंजीहून एसटीने पाऊण तास आणि पुढे पायी असं एक गाव. तिथल्या सातवीपर्यंतच्या शाळेत मी शिक्षणसेवक म्हणून रुजू झालो. मी उमरखेडकडचा. नोकरी नवी, पगार जेमतेम, आणि शाळेत वयाने सगळ्यांत लहान. त्यामुळे लिहिण्याचं जे जे काम निघे ते माझ्या गळ्यात पडे. सुविचार मी लिहायचा, खिचडीचा तक्ता मी रंगवायचा, कुणी पाहुणा येणार असला की स्वागताचा फलकही मीच. वरवर मी कुरकुरायचो. आतून सुखावायचो. फलकासमोर उभं राहून कुणी "अक्षर कोणाचं?" असं विचारलं की मी मुद्दाम दुसरीकडे बघायचो.

ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडं धरायची तेव्हा पाऊस दडी मारायचा आणि कापूस वेचणीला आला की कोसळायचा. ज्यांची स्वतःची वावरं होती त्या बायासुद्धा दुसऱ्या गावी वेचायला जायच्या. सकाळी सात वाजता मारुतीच्या पारापाशी टेम्पो यायचा आणि त्यात उभ्याने तीस-तीस बाया जायच्या. सहावी-सातवीच्या मुलीही अधूनमधून त्यात दिसायच्या, आणि मग हजेरी घेताना मी त्यांचं नाव दोनदा उगाच पुकारायचो. गावात त्या काळात पाहणी करणाऱ्यांच्या गाड्या फार यायच्या. जो यायचा तो फॉर्म घेऊन यायचा, सोबत शाईचा पॅड असायचा. नाव विचारायचे, अंगठा घ्यायचे आणि जायचे. पुढे त्या कागदांचं काय व्हायचं ते गावात कुणालाच कळलं नाही.

आणि याच गावात एक बाई होत्या, ज्या अंगठ्याच्या वैरी होत्या.

पहिली-दुसरी त्या शिकवायच्या. उंचीने ठेंगण्या, आवाज मात्र मैदानापलीकडे जाईल असा. साक्षरतेची मोहीम आली तेव्हा त्यांनी शाळेच्या ओसरीत बायांचा वर्ग सुरू केला. मोहीम संपली, पाट्या-पेन्सिली यायच्या बंद झाल्या, बाईंचा वर्ग काही बंद झाला नाही. संध्याकाळी चुलीला हात लावायच्या आधी अर्धा तास बाया यायच्या. कधी पाच, कधी पंधरा. सगळ्या मिळून तेवीस जणी होत्या. वाचायला फार थोड्यांना जमलं, पण आपलं नाव लिहायला तेवीसही जणी शिकल्या. बाई त्यांना लिहायला लावायच्या ते मुलांच्या प्रगतिपुस्तकावर. 'पालकांची सही' असा रकाना असतो ना, तिथे. बाप घरी असला तरी बाई म्हणायच्या, "बाप राहू दे. मायची सही आण."

बाया पाटीवर नाव लिहायच्या तेव्हा ते पूर्ण पाटीभर व्हायचं. एकेक अक्षर लिंबाएवढं. प्रगतिपुस्तकातही त्या रकाना ओलांडून शेजारच्या महिन्यात जायच्या. हे मी रोज बघत होतो. माझ्याच वर्गाच्या प्रगतिपुस्तकांत बघत होतो. ते पुढे मुद्दाम आठवायचं आहे म्हणून इथे लिहून ठेवतो.

बाई नोव्हेंबरअखेर निवृत्त होणार होत्या. निरोप समारंभ ठरला आणि शाल, श्रीफळ, साडी यांच्याबरोबर सगळ्यांच्या सह्यांचं एक मोठं कार्ड द्यायचं हेही ठरलं. कार्ड कोण करणार, हा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. मी डबा खात होतो.

"सर, कार्ड तुम्ही करून राह्यले म्हणे?"

"हो बाई. पण तुम्हाला कळायला नको होतं."

"ह्या शाळेत कोणती गोष्ट कळत नाई मले?" त्या हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या. "शाल-श्रीफळाचं मले काही नाई. ठेवाले जागा नाई घरात. एकच मागतो तुमाले. माह्या बायांच्या सह्या पाह्यजे त्याच्यावर. तेवीसच्या तेवीस. बाकी कोणाच्या नसल्या तरी चालन."

मी म्हटलं, घेऊ की, त्यात काय.

त्या लगेच उठल्या नाहीत. म्हणाल्या, "माह्या मायनं जल्मभर अंगठा लावला. बाबानं छप्पन साली दीक्षा घेतली अन् पयले घरात पाटी आणली. मले शिकवलं. मायले म्हणे तू बी शीक. माय म्हणे आता कायले, माहं वय झालं. मी मास्तरीण झाली तरी ते अंगठाच लावे. तिची एक सही नाई माह्याजवळ. म्हणून म्हणतो."

मी डब्यावर झाकण ठेवलं आणि त्यांना शब्द दिला. असा शब्द देताना माणसाला काही लागत नाही.

घाटंजीहून मी पांढरे कार्डशीट आणले. दोन आणले, एक बिघडलाच तर दुसरा असावा म्हणून. एवढा मोठा शीट मधोमध दुमडला की पुस्तकासारखा उघडतो. बाहेरच्या पानावर फूल आणि 'निरोप'. आत डाव्या पानावर मजकूर, उजव्या पानावर सह्या. आधी मी जुन्या वर्तमानपत्राचा तेवढाच तुकडा कापून त्यावर आखणी केली. सह्यांचं पान चौदा इंच रुंद, बावीस इंच उंच. चारी बाजूंनी दीड-दीड इंच समास सोडला की अकरा बाय एकोणीस उरतात. वर शाळेचे शिक्षक आणि शिक्षण समितीचे लोक मिळून बारा जण, तीन-तीनच्या चार ओळी, पाच इंचांत बसले. खाली चौदा इंच मोकळे. त्यात तीन-तीनच्या आठ ओळी म्हणजे चोवीस घरं. बायांना प्रत्येकी साडेतीन इंच रुंद आणि पावणेदोन इंच उंच जागा मिळत होती. छान ऐसपैस. तेवीस बाया आणि एक घर शिल्लक. हिशेब इतका गोंडस जमला की मी तो तुकडा घडी करून खिशात ठेवला.

मग मजकूर. तो लिहायला मला चार दिवस लागले, कारण मला तो नुसता लिहायचा नव्हता, गाजवायचा होता. कच्चा मसुदा करायचा, मोठ्याने वाचायचा, खोडायचा. शेवटी अठरा ओळींचा झाला. त्यातली दोन वाक्यं मला अजून पाठ आहेत: 'बाई, आपण या गावाला अक्षर दिलंत. इथल्या माउलींच्या अंगठ्याची शाई आपण आपल्या पदराने पुसलीत.' हे वाक्य सुचलं तेव्हा मी खोलीत एकटाच दोन फेऱ्या मारल्या होत्या.

शीटवर शाई फुटू नये म्हणून आधी खडूची पूड चोळून झटकली. पेन्सिलीने हलक्या रेघा मारल्या. सर्वांत लांब ओळ मोजून ती मधोमध बसवली, बाकीच्या तिच्या अंदाजाने. तिरका कापलेला बोरू आणि काळी शाई. हाताचा घाम लागू नये म्हणून हाताखाली कोरा कागद. दोन संध्याकाळी लागल्या. एक थेंब पडला नाही, एक काना वाकडा झाला नाही. डावं पान वरपासून खालपर्यंत माझ्या अक्षराने भरून गेलं. वाळल्यावर खोडरबराने रेघा पुसल्या आणि मी ते लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. माझी नोकरी त्या पानाने सार्थकी लागल्यासारखं मला वाटलं.

तेव्हा हेडसरांनी यादी आणली.

हेडसर वाईट माणूस नव्हते, हे आधी सांगितलं पाहिजे. शाळेच्या दोन खोल्यांना तडे गेले होते आणि त्यांच्या दुरुस्तीच्या मंजुरीसाठी ते दोन वर्षं तालुक्याला खेटे घालत होते. त्यांना समारंभ म्हणजे साहेब लोक शाळेत आणण्याची संधी वाटली. त्यांच्या यादीत साहेब होते, पदाधिकारी होते, आजूबाजूच्या शाळांचे मुख्याध्यापक होते. पंधरा नावं.

"ह्या सगळ्यांच्या सह्या पाह्यजे. अन् सहीखाली पदनाम. पदनामाशिवाय कोणी सही करत नाई, सर."

"सर, खाली बाईंच्या वर्गातल्या बाया आहेत. तेवीस."

"असू द्या ना. त्याहीले बसवा खालतं. माणूस दाटीवाटीनं बसतेच की टेम्पोत."

मी खिशातला तुकडा काढून पुन्हा आखला. सत्तावीस जण, तीन-तीनच्या नऊ ओळी, पदनामासकट प्रत्येक ओळीला पावणेदोन इंच. पावणेसोळा इंच संपले. खाली सव्वातीन इंचांची पट्टी उरली. त्यात तेवीस जणी दोन ओळींत बसवायच्या, बारा आणि बारा घरं. एकेक घर इंचभरसुद्धा रुंद नाही.

मी म्हटलं, मागच्या पानावर घेऊ का बायांच्या सह्या?

"मागे? म्हणजे सायेबाले पुढे अन् बाईच्या बायाले मागे? ते बरं दिसन का?" हेडसर म्हणाले, आणि गंमत म्हणजे त्यांना ते मनापासून बरं दिसत नव्हतं.

एक मार्ग होता. दुसरा शीट माझ्या पेटीत कोरा पडून होता. मजकूर सहा ओळींत आटोपला असता तर डाव्या पानाचा अर्ध्याहून जास्त भाग बायांना देता आला असता. मला तो मार्ग दिसला नाही असं मी म्हणणार नाही. चांगला ढळढळीत दिसला. पण अठरातल्या बारा ओळी मारायच्या, आणि ते सगळं पुन्हा लिहायचं? मी स्वतःला सांगितलं की दिवस कमी आहेत. मग सांगितलं की सही काय, छोटीही करता येते. मी माझी सही त्या घरात करून पाहिली. बसली. म्हणून मी ती पट्टी तशीच आखली, पातळ रेघांनी चोवीस घरं पाडली आणि कार्ड हेडसरांच्या हवाली केलं.

हेडसरांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तालुक्याला नेलं आणि दोन दिवसांत सगळ्या सह्या घेऊन आणलं. सगळ्यांसाठी एकच पेन वापरा म्हणून मी सोबत पेन दिलं होतं. तालुक्याच्या साहेबांनी ते बाजूला सारून शेवटच्या ओळीत आपल्या खिशातल्या हिरव्या पेनाने सही केली होती. ती इतकी ऐटीत केली होती की तिचं शेपूट खाली बायांच्या पट्टीत उतरून पहिल्या घराच्या वर येऊन थांबलं होतं. हेडसर त्या सहीकडे कौतुकाने बघत होते.

समारंभ दुपारी दोनला होता. त्या वेळी बाया वेचणीवर असणार, म्हणून त्यांनी सकाळी टेम्पो यायच्या आधी शाळेत यावं असं ठरलं. मी साडेसहाला पोचलो तर हेडसर माझ्याही आधी आले होते. ओसरीत टेबल टाकून त्यावर कार्ड उघडून ठेवलं होतं. बाया एकेक करून आल्या. डोक्याला फडकी बांधलेली, कमरेला कापसाचा झोळणा, हातात भाकरीचं गाठोडं. काहींनी त्यातही लुगडं धुतलेलं नेसलं होतं. बाईंचं कार्ड होतं ना.

पहिली आली ती त्यांच्यातली सगळ्यांत म्हातारी. बाईंच्या वर्गात ती पहिल्या दिवसापासूनची. तिने गाठोडं खाली ठेवलं, हात पदराला पुसले, पुन्हा पुसले, पेन मुठीत धरल्यासारखं धरलं आणि कार्डावर वाकली. तिच्या नावाची चार अक्षरं. पहिलं अक्षर तिने काढायला घेतलं आणि त्यातच घर भरलं. तिला रेघ दिसली नसावी, किंवा रेघेचं काय करायचं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. चाळीशी उलटल्यावर जो हात पेन धरायला शिकतो, तो लहान अक्षर काढूच शकत नाही. हे मला त्या क्षणी कळलं. तिने दुसरं अक्षर शेजारच्या घरात काढलं. त्याची वरची रेघ ओढता ओढता तिचं पेन हिरव्या शेपटावर चढलं.

"अवं, अवं, अवं!" हेडसर ओरडले. "सायेबाच्या सहीवर चढून राह्यली तू! थांब!"

तिने पेन असं सोडलं, जणू ते भाजलं. टेबलावरून ते गडगडत खाली पडलं. तिची दोन अक्षरं झाली होती, दोन राहिली होती.

"कार्ड खराब झालं का जी?" तिने विचारलं. हेडसरांना नव्हे, मला.

मी म्हणायला हवं होतं, नाही झालं, तुम्ही पूर्ण करा. मी म्हणालो, "नाही, नाही, पण... थोडं लहान काढता येईल का?"

"लहान नाई येत, मास्तर. बाईनं एवढंच शिकवलं."

मागे रांगेत कुजबुज सुरू झाली. पारापाशी टेम्पो येऊन उभा राहिला होता आणि हॉर्न वाजवत होता. दुसरी बाई पुढे आली, तिने त्या इंचभर घराकडे पाहिलं, मग टेबलाच्या कोपऱ्यात शाळेच्या शिक्क्याचा पॅड होता त्याच्याकडे पाहिलं. पेनाकडे तिने हातच नेला नाही.

"आमचा अंगठाच बरा जी. बाईचं कार्ड कायले खराब करा?"

आणि तिने झाकण उघडून डावा अंगठा पॅडवर दाबला आणि घरात ठेवला. तो इतका बरोबर बसला की जणू घर त्याच मापाने आखलं होतं. मागून तिसरी, चौथी, पाचवी. कुणी कुणाला सांगितलं नाही. त्या वर्षी किती कागदांवर अंगठा लावला होता, हात सवयीने पुढे येत होता. हॉर्न वाजत होता. मी "थांबा" म्हणालो, एकदा म्हणालो, नक्की म्हणालो. पण थांबवून देणार काय होतो त्यांना? जागा कुठे होती? साहेबांची हिरवी सही पुसली जाणार होती का? कोऱ्या शीटवर आता त्या पंधरा सह्या परत कोण आणणार होतं? हेडसर म्हणाले, "हे बेस झालं. साफ दिसते." मी टेबलापाशी हात बांधून उभा राहिलो आणि बावीस अंगठे मोजले. दहा मिनिटांत सगळं उरकलं. टेम्पो गेला. जाताना त्या म्हातारीने मागे वळून विचारलं, "बाईले आवडन ना, मास्तर?"

दुपारी मंडप भरला होता. साहेब आले, खोल्यांबद्दल दोन शब्द बोलले, टाळ्या झाल्या. मग हेडसरांनी कार्डातला मजकूर वाचायला घेतला. त्यांचा आवाज चांगला होता. "इथल्या माउलींच्या अंगठ्याची शाई आपण आपल्या पदराने पुसलीत," हे वाक्य त्यांनी थांबून, मान वर करून वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी मागून "अक्षर कोणाचं?" असंही विचारलं. मला जमिनीत शिरावंसं वाटत होतं.

कार्ड बाईंच्या हातात गेलं. त्यांनी चष्मा लावला. त्यांची नजर सरळ उजव्या पानाच्या तळाशी गेली, वरच्या सत्तावीस सह्यांवर थांबलीही नाही. खूप वेळ त्या तिथेच बघत होत्या. मग त्यांनी कार्ड मिटलं आणि माइकसमोर गेल्या. सगळ्यांचे आभार मानले, शाळेचे, साहेबांचे, कार्ड करणाऱ्याचेसुद्धा. एक शब्द वावगा नाही. रडल्याही नाहीत. लोक म्हणाले, बाई खंबीर आहेत.

पाहुणे गेल्यावर त्या वर्गखोलीत आल्या. मी सतरंज्या गुंडाळत होतो. त्यांनी कार्ड बाकावर उघडलं आणि पहिल्या दोन अक्षरांवर बोट ठेवलं.

"हे कोण, ते समजलं मले." मग बोट पुढे सरकवलं. "अन् हे? यातला कोणाचा कोणता, सर?"

सरकारी कागदावर अंगठ्याशेजारी 'निशाणी' लिहून नाव तरी लिहितात. मी तेवढंही केलं नव्हतं. नाव लिहायला घरात जागा नव्हती.

"मला नाही सांगता यायचं, बाई," मी म्हणालो. आणि सगळं सांगितलं. यादी, पट्टी, हिरवं शेपूट, टेम्पो. दुसरा शीटही सांगितला.

बाईंनी माझ्यावर रागवायला हवं होतं. मी त्याचीच वाट बघत होतो. त्या एवढंच म्हणाल्या, "मजकूर चांगला लिहिला तुम्ही." त्यात टोमणा नव्हता, म्हणून तो जास्त लागला. मी म्हटलं, बायांना विचारून नावं लिहून घेऊ का? "त्याहीले तरी कसं समजन? अंगठा अंगठ्यासारखाच दिसते. राहू द्या. नाव नसलं तर नसलं, खोटं तं नको." त्यांनी कार्ड गुंडाळलं, शालीच्या पिशवीत घातलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने वणीला मुलाकडे गेल्या. तो तिथे कोळशाच्या खाणीत नोकरीला होता.

मला वाटलं, इथे संपलं. एक कार्ड बिघडलं, एका माणसाचं मन दुखावलं, आयुष्यभर आपण चुटपुटत राहायचं.

जानेवारीत मी घटक चाचणीचे गुण भरून प्रगतिपुस्तकं घरी दिली. दोन दिवसांनी ती परत आली. टेबलावर गठ्ठा ठेवून मी एकेक उघडत गेलो. 'पालकांची सही' या रकान्यात निळा अंगठा. दुसऱ्यात निळा अंगठा. घरी पॅड नसतो, म्हणून बॉलपेनची रिफिल अंगठ्यावर चोळून उठवलेला, अर्धवट, फिकट. वरच्या रकान्यांत, जूनपासून दिवाळीपर्यंत, तीच मोठाली, रकाना ओलांडणारी नावं. आणि त्यांच्या खाली अंगठा. माझ्या वर्गात त्या तेवीस जणींपैकी सहा जणींची मुलं होती. सहाही पुस्तकांत अंगठा.

मी एका मुलीला विचारलं, "आईने सही का नाही केली?"

"माय म्हणे, आमची सही चांगली नाई दिसत. पुस्तक खराब होते."

त्याच आठवड्यात बाईंचं आंतरदेशीय पत्र आलं. चार ओळी ख्यालीखुशालीच्या, आणि मग: 'सर, एक काम करा. कोरा कागद घ्या. घरं पाडू नका. बाया रिकाम्या असतील तेव्हा एकेकीचं नाव लिहून घ्या. घाई नाही. कागद कमी पडला तर दुसरा जोडा.'

मी फुलस्केप कागदांचा दस्ता घेतला. बाजाराच्या दिवशी वेचणी बंद असते, तेव्हा घराघरात गेलो. बायांनी बसायला पोतं दिलं, चहा दिला, बाईंची खुशाली विचारली. कागद पुढे केला की हसायच्या. "आता नाई येत जी, विसरलो." "हात कापते." "बाई होत्या तवा ठीक होतं." एकीने सरळ अंगठा पुढे केला आणि म्हणाली, "हा घ्या ना, काय फरक पडते?" मी विनवलं. कागद केवढा मोठा आहे ते हाताने पसरून दाखवलं. त्यांना माझीच कीव आल्यासारखं दिसत होतं.

शेवटी म्हातारीकडे गेलो. ती अंगणात सरकी निवडत होती. तिने कागद हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि माझ्या हातात परत दिला.

"तेवढ्या सायेबाच्या समोर माहं नाव अर्धं राह्यलं, मास्तर. आता पुरं करून कोणाले दाखवू?"

असे तीन बाजाराचे दिवस मी घरोघर फिरलो. एकाही कागदावर एक अक्षर उमटलं नाही. मग बाईंना उत्तर लिहायला बसलो. खरं लिहायचं ठरवून बसलो होतो. लिहिलं, आणि फाडलं. दुसरं लिहिलं: 'बाया मजेत आहेत. आपली आठवण काढतात. वेचणी जोरात असल्याने सह्या गोळा करायला वेळ लागतो आहे.'

आंतरदेशीयात खाली बोटभर जागा उरली होती. तिथे मी सही केली. नेहमीसारखीच सुरेख आली, आणि जागेत नीट बसली.